हर्नियाचा क्लेम नाकारला, तर अपिलात काय लिहावे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा क्लेम ‘आजार पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आहे’ या कारणाने नाकारला गेला, की बहुतेक लोक विमा कंपनीला चिडून पत्र लिहितात. इतकी वर्षे हप्ते भरले, कधी एक रुपया मागितला नाही आणि ऐन गरजेला हात वर केले, असा त्याचा सूर असतो. राग रास्तच आहे. पण ज्या मुद्द्यावर क्लेम नाकारला त्याला अशा पत्रात हातच घातलेला नसतो, म्हणून कंपनीचे उत्तरही पुन्हा तेच येते.

हर्नियाच्या बाबतीत हा मुद्दा बहुधा केस पेपरवरच्या एका ओळीत असतो. दाखल होताना निवासी डॉक्टर विचारतात, “गाठ कधीपासून आहे?” रुग्ण किंवा सोबतचा नातेवाईक सांगून टाकतो, “झाली असतील दोन-तीन वर्षं.” ते तसेच लिहिले जाते आणि डिस्चार्ज कार्डावरही उतरते. क्लेम तपासणारा डॉक्टर शस्त्रक्रियेच्या तारखेतून तीन वर्षे वजा करतो. उत्तर पॉलिसीच्या आधीचे आले, की क्लेम बाद. जांघेतली गाठ आडवे पडले की आत जाते, खोकताना किंवा वजन उचलताना वर येते आणि बरेच दिवस दुखतही नाही. त्यामुळे ती नेमकी कधी सुरू झाली हे रुग्णालाही धड सांगता येत नाही. सोनोग्राफीत स्नायूंच्या भिंतीतले छिद्र केवढे आहे ते दिसते, पण ते किती जुने आहे हे ठरत नाही. म्हणजे सगळा नकार एका अंदाजावर उभा असतो.

या अंदाजाला उत्तर आहे ते व्याख्येत. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्या आजाराचे निदान केले, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार सुचवले किंवा दिले, तोच आधीपासूनचा आजार. घरी आरशात गाठ दिसली होती, एवढ्याने तो ठरत नाही. आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेतली व्याख्या आधी शब्द न् शब्द वाचावी आणि अपिलात तिच्या कलम क्रमांकासह तशीच उतरवावी. जुन्या पॉलिसीत शब्द वेगळे असू शकतात.

एक उदाहरण घेऊ. पॉलिसी 15 जुलै 2022 ला सुरू झाली, खंड न पडता नूतनीकरण झाले. पुस्तिकेत हर्नियासाठी 24 महिन्यांचा आणि आधीपासूनच्या आजारांसाठी 36 महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी आहे. शस्त्रक्रिया 9 जानेवारी 2025 ला झाली. हर्नियाचे 24 महिने 14 जुलै 2024 लाच संपलेले आहेत, त्या कलमाखाली क्लेम अडवता येत नाही. 36 महिने मात्र अजून संपलेले नाहीत. म्हणूनच कंपनीला हा आजार ‘आधीपासूनचा’ ठरवणे भाग पडते. हे दोन कालावधी वेगळे आहेत हे अपिलात सुरुवातीलाच मांडावे, कारण नकारपत्रात ते अनेकदा एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय ‘दोन-तीन वर्षांपूर्वी’ म्हणजे जानेवारी 2022 ते जानेवारी 2023 यांमधले केव्हाही. त्यातला जवळजवळ अर्धा काळ पॉलिसी सुरू झाल्यानंतरचाच आहे. कंपनीने त्यातले सोयीचे टोक धरले.

अपिलाचा गाभा मग असा लिहिता येईल: “केस पेपरवरील कालावधी हा रुग्णाने तोंडी सांगितलेला अंदाज आहे, वैद्यकीय निदान नव्हे. या तक्रारीसाठी डॉक्टरांना प्रथम 18 नोव्हेंबर 2024 रोजी दाखवले आणि त्याच दिवशी हर्नियाचे निदान झाले. 15 जुलै 2022 पूर्वीच्या 36 महिन्यांत हर्नियाचे निदान, सल्ला किंवा उपचार झाल्याचा कोणता कागद आपल्याकडे आहे, तो द्यावा. नसल्यास आपल्याच पॉलिसीतील व्याख्या लागू होत नाही, म्हणून क्लेम मंजूर करावा.” याला आणखी एक वाक्य जोडावे: क्लेम पुनरावलोकन समितीने या नकाराला मान्यता दिली होती का, आणि तिने कोणत्या कलमावर बोट ठेवले? प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार समितीच्या मान्यतेशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही आणि नकारात पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख हवा.

सोबतच्या कागदांत सगळ्यात वजनाचे म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे पत्र. ‘हर्निया जुना नव्हता’ असे मोघम प्रमाणपत्र कुचकामी ठरते. पहिली तपासणी कोणत्या तारखेला झाली, निदान केव्हा झाले, आधीच्या उपचाराची कोणतीही नोंद त्यांच्याकडे नाही आणि केस पेपरवरचा कालावधी कोणी, कशाच्या आधारे सांगितला, हे त्यात असावे. पहिल्या तपासणीचा कागद, सोनोग्राफीचा अहवाल आणि रुग्णालयाकडून मागून घेतलेल्या संपूर्ण केस पेपरची प्रत जोडावी. केस पेपरवर खाडाखोड करून तारखा बदलून घेण्याचा मोह अजिबात नको. कंपनीकडे मूळ प्रत आधीच गेलेली असते, आणि मग खरा क्लेमही खोट्या कागदासारखा दिसू लागतो.

काही प्रकरणे खरोखरच अवघड असतात. पॉलिसीच्या आदल्या वर्षी डॉक्टरांनी ‘हर्निया आहे, ऑपरेशन करा’ असे लिहून दिले असेल, तर वरचा युक्तिवाद टिकणार नाही. जुन्या टाक्यांच्या जागी झालेल्या हर्नियात कंपनी आधीच्या शस्त्रक्रियेकडे बोट दाखवते. तिथे मुद्दा वेगळा मांडावा लागतो: ती शस्त्रक्रिया कोणत्या आजाराची होती, केव्हाची होती, आणि हर्निया त्यानंतर कधी उद्भवला. नकाराचे कारण ‘माहिती लपवली’ असे असेल, तर लढाई प्रस्तावपत्रावरची आहे. आपण सही केलेल्या प्रस्तावपत्राची प्रत मागवून त्यात नेमका काय प्रश्न होता ते आधी पाहावे. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

अपील कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे ईमेलने पाठवावे, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. कॉल सेंटरवरचे बोलणे अपील म्हणून धरू नये. उत्तर असमाधानकारक आले किंवा महिनाभरात आलेच नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी चालतात. मात्र कंपनीने अपील फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते आणि तोच वाद ग्राहक आयोगापुढे चालू असता कामा नये.

रुग्णालयांनाही एक विनंती. गाठ कधीपासून आहे हे लिहिताना ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार, अंदाजे’ एवढे शब्द लिहावेत आणि पहिल्या निदानाची तारीख वेगळी नोंदवावी. डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर नातेवाइकांनीही निघण्याआधी ती ओळ वाचावी. चूक असेल तर डॉक्टरांकडून तिथेच, तारीख आणि सहीनिशी दुरुस्त करून घेता येते.

आपली विश्वासू,
एक वाचक