‘वय झालं’ म्हणण्याआधी लघवी, ताप आणि औषधं तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ज्येष्ठांच्या पडण्याविषयी आलेला लेख वाचला. न्हाणीघरात धरायला दांडा, घसरू न देणारी पायपुसणी, रात्रीचा मंद दिवा या सूचना योग्यच आहेत आणि आमच्या घरी त्या सगळ्या केलेल्या होत्या. तरीही माझे वडील पडले. वर्षभर ज्या न्हाणीघरात ते नीट जात होते, तिथे त्याच रात्री का पडले, हा प्रश्न आम्हाला दोन दिवस सुचलाच नाही. ते दोन दिवस वाया गेले म्हणून हे पत्र.

अण्णांचं वय ७९. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मधुमेह जुना, प्रोस्टेटही वाढलेली, पण डोकं लख्ख. दुधाचा हिशेब तेच ठेवायचे. सोमवारी त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि दुपारभर झोपले. उन्हामुळे असेल, असं आम्ही धरलं. मंगळवारी पहाटे लघवीला उठले आणि दारातच कोसळले. हाडाच्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, म्हणून दुखण्याची आणि झोपेची गोळी घेऊन घरी आलो.

बुधवारी संध्याकाळी अण्णांनी मला त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. मग बोटं चादरीवर चालायला लागली. डाव्या हातात काहीतरी धरल्यासारखं करून उजव्या हाताने एकेक फाडायचे आणि अंगठा दाबायचे. आई म्हणाली, ‘अरे, हे तिकिटं फाडतायत.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, वात झालाय. चुलत्यांनी फोनवर सांगितलं, आता वयच झालं, सांभाळून घ्या. उन्हाळी लागली आहे का, असं मी अण्णांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते ‘नाही’ म्हणाले. अंगाला हात लावला तर गरम नव्हतं. त्यामुळे लघवीचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले, त्यांनी मात्र पहिला प्रश्न वेगळा विचारला. ‘हे कधीपासून?’ मी म्हटलं, सोमवारपर्यंत सगळं ठीक होतं. त्यांनी अण्णांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. अण्णा रविवार, शनिवार म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं तर डोळे मिटायला लागले. डॉक्टर म्हणाले, ‘हा विसरभोळेपणा नाही. तो महिनोन्‌महिने हळूहळू येतो. हे दोन दिवसांत आलंय, घडीत बरं, घडीत बिघडलेलं आहे आणि लक्ष टिकत नाही. मेंदू बिघडलेला नाही, शरीरातल्या दुसऱ्या कशाने तरी तो गोंधळलाय. ते दुसरं शोधायचं.’

मग त्यांनी थर्मामीटर लावला. ९९.४ आला. मला तो ताप वाटलाच नाही. पण अण्णांचं नेहमीचं तापमान ९७ च्या आसपास असतं, हे मधुमेहाच्या वहीत लिहिलेलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं अंग मुळात थंड असतं आणि जंतुसंसर्गातही ताप फारसा चढत नाही. म्हणून शंभराची वाट बघायची नाही, त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंश वर गेलं की तो ताप समजायचा, असं त्यांनी सांगितलं. श्वास मिनिटाला २४ होते. ते घड्याळ लावून मोजले होते. बेंबीखाली दाबलं तेव्हा अण्णा कण्हले. तिथे नारळासारखा फुगवटा लागत होता. तो तुंबलेल्या लघवीचा होता.

जळजळ का नव्हती, हे मला नंतर कळलं. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसांची जाण कमी होते. प्रोस्टेटमुळे थेंबथेंब होणं, वारंवार जावं लागणं हे अण्णांना वर्षानुवर्षांचं, त्यामुळे त्यात काही बदललं हे त्यांनाही जाणवलं नसणार. आणि ज्याला वार सांगता येत नाहीत, त्याचं ‘नाही’ हे उत्तर मी खरं धरून चाललो. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, त्यांचं विष आणि सूज अंगभर पसरते आणि वयाने थकलेला मेंदू ते पेलू शकत नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून अण्णा संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते. अंगातलं पाणी कमी, त्यात संसर्ग, म्हणजे उभं राहिलं की रक्तदाब खाली येणार. मंगळवारी पहाटे दारात तेच झालं असावं. झोपेच्या गोळीने पुढच्या गोंधळात भरच घातली.

श्वास आणि एकूण अवस्था बघून त्यांनी रुग्णालयात हलवायला सांगितलं. तिथे लघवीची नळी घातल्याबरोबर सातशे मिलिलिटर गढूळ लघवी आली. त्याच नवीन नळीतून कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, नमुना घेतला आणि मगच अँटिबायोटिक सुरू केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. औषधाचे दोन डोस पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू अनेकदा उगवत नाहीत आणि मग कोणतं औषध लागू पडेल हे कळत नाही. साध्या तपासणीत पू-पेशी भरपूर होत्या, रक्तातली साखर आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले होते. दोन दिवसांनी कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आला आणि सुरू असलेलं औषध त्याला लागू नाही, हेही त्यातच कळलं. औषध बदललं. तो अहवाल नसता तर आम्ही चुकीचंच औषध पूर्ण केलं असतं.

ताप तिसऱ्या दिवशी गेला, पण तिकिटं फाडणं आणखी चार दिवस चालू होतं आणि पूर्ण भानावर यायला तीन आठवडे लागले. औषध लागू पडलं तरी डोकं मागून येतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर आई इतकी रडली नसती. या काळात कामाला आल्या त्या साध्या गोष्टी. चष्मा आणि कानातलं यंत्र लावून ठेवणं, दिवसा खिडकी उघडी ठेवणं, रात्री घरचंच माणूस शेजारी असणं. नळी उपटतात म्हणून हात बांधायची तयारी झाली होती. आईने नकार दिला आणि त्यांच्या हातात जुन्या पावत्यांचा गठ्ठा दिला. ते तासभर त्यातच गुंतले. नळीही लवकरात लवकर काढायला लावा. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. चार महिन्यांनी अण्णा पुन्हा गोंधळले. या वेळी आपण हुशार झालोय, असं मला वाटलं. लगेच लघवी तपासून आणली. पू-पेशी होत्या, जंतूही होते. जुनी चिठ्ठी घेऊन मी औषधाच्या दुकानाकडे निघालो आणि वाटेत डॉक्टरांना फोन केला. त्यांनी थांबवलं. ताप आहे का? नाही. थंडी, उलटी, कमरेत दुखणं, लघवीत नवीन काही? नाही. श्वास? १६. मग नवीन गोळी कोणती सुरू झाली? सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी चार दिवस चालू होती. पोट साफ झालं का? पाच दिवस झालं नव्हतं.

ते म्हणाले, वयस्कर लोकांपैकी पुष्कळांच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांचा काही त्रास नसतो. वृद्धाश्रमात तर असे कितीतरी सापडतात. त्यामुळे नुसता लघवीचा अहवाल हा गोंधळाचं कारण ठरत नाही. ताप किंवा लघवीची तक्रार नसेल तर अँटिबायोटिक न देता दुसरी कारणं शोधायची आणि नीट लक्ष ठेवायचं, असं अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरवतं आणि प्रोस्टेटवाल्याची लघवीही तुंबवतं. डॉक्टरांनी येऊन पोट तपासलं. मूत्राशय फुगलेलं नव्हतं. गोळी बंद केली, पोट साफ होण्याचं औषध दिलं, दर सहा तासांनी तापमान लिहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी दूधवाल्याचे तीन रुपये जास्त गेल्याचं दाखवून दिलं.

त्या दिवशी मी दुकानातून गोळ्या आणल्या असत्या, तर खरं कारण तसंच राहिलं असतं आणि त्यांच्या पोटातले जंतू आणखी एका औषधाला सरावले असते. आणि मला वाटलं असतं की गोळ्यांनीच बरं वाटलं.

म्हणून ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. एक-दोन दिवसांत माणूस बदलला, बरळू लागला किंवा एकदम सुस्त होऊन झोपूनच राहिला (हे दुसरं जास्त फसवतं, कारण त्याचा कुणाला त्रास होत नाही), जेवण सुटलं किंवा विनाकारण पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जाताना तीन गोष्टी लिहून न्या. शेवटचा कधी नेहमीसारखा होता, नेहमीचं तापमान किती आणि गेल्या पंधरवड्यात कोणती गोळी सुरू झाली किंवा बंद झाली. मधुमेह असेल तर घरातच आधी साखर बघा, कमी झालेली साखरही असाच गोंधळ घालते. तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं, तर लघवीचा विचारही करत बसू नका, सरळ मोठं रुग्णालय गाठा. तिथे मेंदूचा स्कॅन आधी.

आपल्या पुरवणीत पडण्याविषयी पुन्हा लिहिलं जाईल तेव्हा दांड्यांच्या आणि पायपुसण्यांच्या जोडीला ‘आजच का पडले?’ हा प्रश्नही छापावा, ही विनंती. हाडाच्या दवाखान्यात एक्स-रेसाठी रांगेत बसलेल्या मुलालाही तो वाचायला मिळावा. मंगळवारी सकाळी तिथे मीच बसलो होतो.

आपला,
एक वाचक, मिरज