ताई, ती प्रश्नचिन्हं खोडल्याबद्दल

प्रिय ताई,

मैत्रिणीने ब्लॉक केल्यावर ज्यांना विचारलं, ते सगळे म्हणाले, "दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाक." एकाने तर स्वतःचा फोन पुढे केला. तिने दार लावलंय आणि आपण खिडकीतून हाका मारायच्या, यात काय चुकतं हे त्यांच्यापैकी एकालाही दिसू नये, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही आधी खात्री करायला लावलीत. नुसती एक टिक म्हणजे ब्लॉक नव्हे, फोन बंद असला तरी तसंच दिसतं. पण फोटो गेला, लास्ट सीन गेलं आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉलही लागेना, हे सगळं एकदम झालं की बहुधा ब्लॉकच. त्या काळात पाठवलेला मेसेज पुढे ब्लॉक काढला तरी पोहोचत नाही. त्यामुळे "कधीतरी वाचेल" म्हणून तिथे लिहीत राहण्यात काही अर्थच नव्हता.

मग तुम्ही एकच विचारलंत, "तिला लागणारं काही तुझ्याकडे आहे का?" होतं. भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटमधले तिचे 12,000 रुपये आणि तिची मूळ गुणपत्रिका. नसतं तर गप्प बसायचं, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आपली बाजू मांडायची आहे, हे कारण तुम्ही धरलंच नाहीत. "संपर्क करू नकोस" असं तिने शब्दांत सांगितलं असतं, तर या वस्तूसुद्धा तिसऱ्या माणसाच्या हातीच द्यायच्या होत्या.

सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती तुमची पेन्सिल. तिच्यासाठी लिहिलेलं माझं चार पानी पत्र तुम्ही पूर्ण वाचलंत, टीका केली नाहीत, फक्त एकेक प्रश्नचिन्ह शोधून खोडलंत. "प्रश्न आला की तिच्यावर उत्तराचं ओझं आलं," म्हणालात. मग "निदान", "एकदा तरी", "तुला आठवतं ना" हेही गेलं. उरलं ते एवढं: "तुझे डिपॉझिटचे पैसे शुक्रवारी तुझ्या खात्यात जमा होतील. गुणपत्रिका सोबत आहे. उत्तराची गरज नाही. यानंतर मी लिहिणार नाही." ही चिठ्ठी गुणपत्रिकेबरोबर स्पीड पोस्टने गेली. पाकिटावर पाठवणारीचं नाव ठळक लिहायला लावलंत, म्हणजे नको असेल तर तिला न उघडता परत करता येईल. पैसे पाठवताना शेऱ्यात फक्त "डिपॉझिट". तिथे माफीचा शब्द घालू दिला नाहीत.

तिचा नंबर तुमच्याकडेही होता. तुम्ही तो लावला नाहीत, मध्यस्थी करते म्हणाला नाहीत. जी माणसं समोर नसलेलीचाही मान राखतात, त्यांच्यापाशीच मन मोकळं करावंसं वाटतं. मनापासून आभार.

ते चार पानी पत्र तुमच्याकडेच राहिलंय, ते फाडून टाका.