अमायलेज वाढले म्हणजे स्वादुपिंडालाच सूज, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्वादुपिंडाच्या सुजेवर आलेला लेख वाचला. दारू आणि पित्ताचे खडे ही त्या आजाराची दोन मुख्य कारणे लेखात नीट सांगितली आहेत. परंतु रक्तातले अमायलेज किंवा लायपेज वाढलेले दिसले की निदान पक्के, आणि आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर, अशा अर्थाची दोन विधाने त्यात आहेत. ती दुरुस्त व्हायला हवीत. मी तालुक्याच्या गावी अनेक वर्षे सर्जन म्हणून काम केले. पोटदुखीच्या रुग्णाचा लॅब रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांच्या मोबाइलवर येतो आणि त्यातल्या ठळक छापलेल्या आकड्यावरून घरातच निदान होऊन जाते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमायलेज पिष्टमय पदार्थ पचवते, लायपेज चरबी पचवते. दोन्ही स्वादुपिंडात तयार होतात आणि त्याच्या रसातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरतात. रक्तात एरवी त्यांचा थोडासा अंशच असतो. स्वादुपिंडाला सूज आली, त्याच्या पेशी फुटल्या की तो अंश वाढतो. इथवर लेखातले बरोबर आहे. पण अमायलेज लाळेच्या ग्रंथींतूनही येते. निरोगी माणसाच्या रक्तातले निम्म्याहून अधिक अमायलेज लाळेचेच असते, त्यामुळे गालगुंड झालेल्या मुलाचे अमायलेजही वाढलेले सापडते. लायपेज त्या मानाने स्वादुपिंडाशी अधिक जोडलेले आहे, तरी तेही सर्वस्वी त्याचेच नाही. शिवाय ही दोन्ही द्रव्ये रक्तातून काढून टाकण्यात किडनीचा वाटा असतो. किडनी निकामी झालेल्या माणसात दोन्ही आकडे पोट अजिबात दुखत नसतानाही दुप्पट-तिप्पट दिसू शकतात.

म्हणूनच जगभरात वापरल्या जाणाऱ्या 2012 च्या सुधारित अटलांटा निकषांनुसार निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: स्वादुपिंडाच्या सुजेला साजेसे दुखणे, अमायलेज किंवा लायपेज कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी स्कॅन, एमआरआय किंवा सोनोग्राफीत दिसणारी सूज. तिप्पट हा शब्द महत्त्वाचा आहे. रिपोर्टवर आकडा ठळक छापला जातो तो मर्यादा एका युनिटने ओलांडली तरी. ही मर्यादाही प्रत्येक लॅबच्या पद्धतीनुसार वेगळी असते, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून चालत नाही.

हे न पाहिल्यास काय होते ते एका रुग्णावरून सांगतो. साठीच्या आसपासचे शेतकरी. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या कित्येक महिने, बऱ्याचदा उपाशीपोटीच, घेत होते. एका सकाळी दुधाचे कॅन उचलताना पोटात वरच्या बाजूला एकदम कळ आली. जवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासले. अमायलेज 268 आले, त्या लॅबची मर्यादा 100. लायपेज 140, मर्यादा 60. सोनोग्राफीच्या कागदावर, गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही, असे वाक्य होते. स्वादुपिंडाला सूज आहे, सलाईन लावू, पोट उपाशी ठेवू, असे सांगून दुखणे थांबवायचे इंजेक्शन देण्यात आले. दुपारी त्यांना थोडे बरे वाटले. संध्याकाळी पोट फुगले, नाडी वाढली, तेव्हा त्यांना माझ्याकडे पाठवले.

दोन्ही आकडे वाढलेले होते, पण तिप्पट एकही नव्हता. त्याहून बोलके होते ते दुखणे. स्वादुपिंडाच्या सुजेचे दुखणे साधारणपणे अर्ध्या तासात चढत जाते, पाठीत घुसते, रुग्ण तळमळतो, पुढे वाकून बसला तर त्याला जरा बरे वाटते. या गृहस्थांना दुखणे सुरू झाल्याचा नेमका क्षण सांगता येत होता, आणि ते जराही न हलता निपचित पडून होते. खोकायला सांगितले तरी कळ यायची. पोट फळीसारखे घट्ट, श्वासाबरोबर हलत नव्हते. उजव्या बरगड्यांवर बोटांनी ठोकले की लिव्हरमुळे एरवी जो बद्द आवाज येतो, तो येत नव्हता. त्यांना दहा मिनिटे बसते करून छातीचा एक्स-रे काढला. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, उजव्या बाजूला, हवेची काळी चंद्रकोर स्पष्ट होती. पोट उघडल्यावर ड्युओडेनमच्या पुढच्या भिंतीत अल्सरचे भोक सापडले. ते चरबीच्या पडद्याचा तुकडा लावून शिवले आणि पोट भरपूर सलाईनने धुतले. स्वादुपिंड अगदी निरोगी होते.

मग अमायलेज का वाढले? स्वादुपिंडाचा रस दिवसाला लिटरभर किंवा त्याहून अधिक तयार होतो आणि तो ड्युओडेनममध्येच पडतो. तिथे भोक पडले की हा रस पोटाच्या पोकळीत सांडतो, पोकळीच्या अस्तरातून शोषला जातो आणि रक्तात पोहोचतो. लॅबने मोजलेला आकडा शंभर टक्के खरा होता, अमायलेज स्वादुपिंडाचेच होते. फक्त ते रक्तात आले दुसऱ्या वाटेने. आतडे अडकले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला तरी असेच घडते. या आजारांत आकडा बहुधा तिप्पटीच्या आत राहतो, पण क्वचित तो वरही जातो. म्हणजे तिप्पट आकड्यानेसुद्धा पोटावर हात ठेवून तपासण्याची गरज संपत नाही. बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीच्या पोटदुखीत तर आणखी एक धोका असतो. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तरी अमायलेज वाढते, कारण ते त्या नलिकेतही असते. अशा वेळी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट अमायलेजपेक्षा कितीतरी आधी व्हायला हवी.

ही चूक एवढी महाग का पडते, तर दोन्ही आजारांचे उपचार अगदी उलट आहेत. स्वादुपिंडाच्या सुजेत सुरुवातीला सलाईन, वेदनाशामक आणि वाट पाहणे हाच उपचार. घाईने पोट उघडले तर नुकसान होते. अल्सर फुटला असेल तर वाट पाहण्यात गेलेल्या प्रत्येक तासागणिक जिवाचा धोका वाढतो. त्यात फसवणारी गोष्ट अशी की, पोटात सांडलेले आम्ल पातळ होते तसे मधल्या काही तासांत दुखणे कमी झाल्यासारखे वाटते. दुपारी बरे वाटले ते त्यामुळे आणि इंजेक्शनमुळे. एक्स-रेत हवा प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही, पाचातल्या एखाद्या रुग्णात ती दिसत नाही. पोट घट्ट असेल आणि एक्स-रे साफ असेल, तर सीटी स्कॅन करून घ्यावा.

याची उलट बाजूही आहे. दारू पिणारा माणूस पोट दुखायला लागल्यावर घरीच सोडा, अँटासिड घेत चार दिवस काढतो आणि मग येतो. तेव्हा अमायलेज 85, म्हणजे नॉर्मल. म्हणून स्वादुपिंड ठीक आहे का? अमायलेज काही तासांतच चढते आणि तीन ते पाच दिवसांत बहुधा उतरते. लायपेज मात्र आठ ते चौदा दिवस वाढलेले राहते, कारण किडनी ते बरेचसे परत शोषून घेते. अशा रुग्णात त्याच नमुन्यात लायपेज 400 सापडू शकते. दुखणे किती वाजता, कुठल्या दिवशी सुरू झाले हे लॅबच्या कागदावर लिहायची पद्धत आपल्याकडे नाही, आणि त्याशिवाय या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. रक्तातली चरबी अतोनात वाढल्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली असेल तरीही अमायलेज खोटेच नॉर्मल दिसू शकते. अशा रुग्णाचे रक्त ठेवले की वरचा द्रव दुधासारखा पांढरा दिसतो. लॅबमधल्या तंत्रज्ञाने ते डॉक्टरांना फोन करून कळवले तर फार उपयोग होतो, कारण नमुना पातळ करून पुन्हा तपासला की खरा आकडा बाहेर येतो.

या सगळ्याचा विचार केला तर दोनपैकी एकच तपासणी करायची असेल तेव्हा लायपेज करावे. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने तर संशयित तीव्र सुजेत अमायलेज करूच नका, लायपेज पुरेसे आहे, असा स्पष्ट सल्ला दिलेला आहे. आपल्याकडे दोन्ही तपासण्या सवयीने एकत्र लिहिल्या जातात.

आता आकड्याच्या आकाराविषयी. खड्यामुळे आलेल्या सुजेत अमायलेज 2000 असूनही माणूस चार दिवसांत जेवून घरी जातो, आणि 350 अमायलेजचा रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो, हे मी पाहिले आहे. आजार किती गंभीर आहे ते श्वासाचा वेग, लघवीचे प्रमाण, रक्तदाब, रक्तातील युरिया आणि दोन दिवसांनंतरचे सीआरपी हे शरीरातली सूज दाखवणारे रक्तातले प्रथिन सांगतात. म्हणून निदान झाल्यावर अमायलेज-लायपेज रोज पुन्हा करण्याने उपचारात काही बदलत नाही. नातेवाईक मात्र रोज आकडा उतरला का म्हणून विचारतात आणि त्या प्रत्येक तपासणीचे बिल त्यांच्याच माथी बसते.

हेल्थ चेकअपच्या काही पॅकेजांत हल्ली अमायलेजही घातलेले असते, त्याबद्दल थोडेसे. पोट दुखत नाही, लायपेज नॉर्मल आहे, तरी अमायलेज 240 आणि महिनोन्‌महिने तेवढेच, अशी माणसे भेटतात. त्यांपैकी काहींच्या रक्तात अमायलेज प्रतिपिंडांना चिकटून मोठा गठ्ठा बनलेला असतो. तो किडनीच्या गाळणीतून जात नाही, म्हणून रक्तात साचतो आणि लघवीत अमायलेज कमी सापडते. याला मॅक्रोअमायलेज म्हणतात. त्याला उपचार लागत नाही. रक्त आणि लघवीतले अमायलेज व क्रिएटिनिन एकाच वेळी तपासले तर साध्या गणिताने ते ओळखता येते, आणि अशा माणसाचा पुढचा सीटी स्कॅन वाचतो.

माझी विनंती एवढीच की, लेखातील ती दोन विधाने पुढच्या पुरवणीत दुरुस्त करून छापावीत. आणि त्याच जागी वाचकांना हेही सांगावे की, पोटदुखीसाठी दवाखान्यात जाताना दुखणे सुरू झाल्याची वेळ, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे, विशेषतः सांधेदुखीच्या गोळ्यांची, आणि आधीचे किडनीचे रिपोर्ट सोबत न्यावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सर्जन
कऱ्हाड, जि. सातारा