एका हप्त्याला दोनदा दंड: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

सा. न.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मोटारसायकलचा ३,४५० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला नॅच मँडेटने, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला मी फायनान्स कंपनीला दिलेल्या परवानगीने, माझ्या बचत खात्यातून कापला जातो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ५ तारीख रविवारी आली. नॅच १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालतं, आमची शाखा मात्र चालत नाही. माल कापून गेला होता, व्यापाऱ्याचे पैसे यायचे होते. खात्यात २,९०० रुपये होते. हप्ता बाउन्स झाला.

इथवर चूक माझीच. पुढचं पासबुकात वाचा.

मंगळवारी मी ६०० रुपये भरले. २,९०० आणि ६०० म्हणजे ३,५००, झाला हप्ता, असा माझा हिशोब. पण बँकेने रविवारीच बाउन्सचे २५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २९५ कापून घेतले होते. खात्यात उरले ३,२०५. शुक्रवारी, १० तारखेला, फायनान्स कंपनीने तेच मँडेट पुन्हा लावलं. २४५ रुपये कमी पडले. पुन्हा बाउन्स, पुन्हा २९५. म्हणजे पहिल्या दंडानेच दुसरा दंड ओढवला! कंपनीने दोन्ही वेळचे ५९०-५९० वेगळे लावले. एकूण १,७७० रुपये, अर्ध्या हप्त्याहून जास्त, आणि हप्ता बाकीच.

मेसेज आला होता, इंग्रजीत, तोही पैसे कापून झाल्यावर. शुक्रवारी पुन्हा मँडेट लागणार आहे, हे कोणी सांगितलंच नाही.

साहेब, कार्ड आणि यूपीआयवरच्या ठरावीक वसुलीला तुमचाच नियम आहे: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. कर्जाच्या हप्त्याच्या नॅचलाही हाच नियम लावा. त्या मेसेजमध्ये हप्ता किती, खात्यात शिल्लक किती आणि दंड कापून कमी किती पडतात, एवढं मराठीत असू द्या. ‘२४५ रुपये कमी आहेत’ असं गुरुवारी कळलं असतं तर मी शेजाऱ्याकडून आणले असते.

दुसरं, एका महिन्याच्या हप्त्याला बँकेचा बाउन्स चार्ज एकदाच. कंपनीने मँडेट कितीदा लावायचं हे ग्राहकाच्या हातात नसतं, मग प्रत्येक वेळेचं बिल त्याच्या नावावर का?

तारीख ५ ऐवजी १५ करून घ्यायला गेलो. बँक म्हणाली, मँडेट कंपनीचं आहे, तिकडे जा. कंपनी म्हणाली, जुनं रद्द करून नवं करावं लागेल, त्याचे चार्ज वेगळे. केळीवाल्याचा पैसा ठरल्या तारखेला कधी येत नाही, हे कर्ज देताना त्यांनी सातबारा पाहूनच ओळखलं होतं की. निदान वर्षातून एकदा तारीख फुकट बदलून मिळावी, आणि तो अर्ज बँकेच्या शाखेतच घेतला जावा.

पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
रावेर तालुक्यातील एक खातेदार