किमान शिलकीचा दंड: नोटीस आणि वसुली यांत एक महिना हवाच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये बचत खात्यांवरचा किमान शिलकीचा दंड बंद केला. 2025 च्या मध्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही साध्या बचत खात्यांना तीच सूट दिली. त्यामुळे हा प्रश्न मिटला, असे अनेक जण धरून चालतात. पण खासगी बँकांतल्या बहुसंख्य साध्या खात्यांवर ही अट अजून कायम आहे. नोकरी सुटली की पगाराचे खाते काही महिन्यांनी आपोआप साधे बचत खाते होते आणि खातेदाराला त्याचा पत्ता लागतो तो दंड कापला गेल्यावरच. बँकेच्या काउंटरमागे नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. शेजारच्या एका ताईंचे पासबुक नुकतेच तपासून दिले. त्यातला हिशेब आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

ताईंचे खाते असेच जुन्या पगाराचे. आता त्यावर महिन्याला सरासरी 5,000 रुपये शिलकीची अट आहे. हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी खात्यात 5,100 रुपये ठेवले आणि त्याला हात लावला नाही. 10 जूनला बँकेने डेबिट कार्डाची वार्षिक फी 200 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 236 रुपये कापले. शिल्लक 4,864 झाली. 30 जूनला एसएमएसचे तिमाही 15 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 17 रुपये 70 पैसे गेले. थोडक्यात, खाते अटीखाली गेले ते बँकेच्याच दोन वजावटींमुळे. ताईंनी एक रुपयाही काढला नव्हता.

मासिक सरासरी काढताना रोजची दिवसअखेरची शिल्लक जमेस धरतात आणि बेरजेला महिन्याच्या दिवसांनी भागतात. जूनमध्ये नऊ दिवस 5,100 रुपये, वीस दिवस 4,864 रुपये आणि शेवटच्या दिवशी 4,846 रुपये 30 पैसे शिल्लक होती. बेरीज 1,48,026 रुपये 30 पैसे. तीसने भागल्यावर सरासरी येते 4,934 रुपये 21 पैसे. तूट फक्त 65 रुपये 79 पैशांची. (व्याजाचे किरकोळ रुपये मी सोयीसाठी सोडून दिले आहेत.) या तुटीबद्दल 5 जुलैला 100 रुपये दंड आणि 18 रुपये जीएसटी, असे 118 रुपये गेले. त्या दंडाने शिल्लक आणखी खाली गेली, म्हणून 5 ऑगस्टला पुन्हा 118 आणि 5 सप्टेंबरला पुन्हा 118. व्यवहार न करता 5,100 रुपयांचे 4,492 रुपये 30 पैसे झाले.

आता नियम काय सांगतो ते पाहू. रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 रोजी या दंडाबद्दल परिपत्रक काढले आणि त्यातल्या तरतुदी 1 एप्रिल 2015 पासून लागू झाल्या. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे. तूट भरून काढायला त्याला किमान एक महिना द्यायचा. तेवढ्या मुदतीत शिल्लक पूर्ववत झाली नाही, तरच दंड वसूल करता येतो. दुसरे असे की, दंड तुटीच्या प्रमाणात हवा. म्हणजे जितकी रक्कम कमी पडली तिच्यावर ठरावीक टक्के, त्यासाठी बँकेने टप्पे ठरवले तरी चालतात. आणि केवळ या दंडामुळे खाते उणे शिलकीत जाता कामा नये. व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेल्या खात्यावर तर हा दंड लावताच येत नाही.

ताईंनी फोनमधले जुने संदेश पुसले नव्हते, हे फार कामी आले. शिल्लक कमी असल्याचा बँकेचा संदेश आला होता 2 जुलैला आणि वसुली झाली 5 जुलैला. महिन्याच्या जागी तीन दिवस. हा पहिला मुद्दा. मात्र तो पहिल्याच दंडाला लागू पडतो, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य केले. 2 जुलैची नोटीस धरली तर 5 ऑगस्टपर्यंत महिना उलटून गेला होता. पुढच्या दोन दंडांसाठी दुसरा मुद्दा घ्यावा लागला, तो म्हणजे प्रमाणाचा. 65 रुपये 79 पैशांच्या तुटीवर 100 रुपये दंड म्हणजे तुटीपेक्षा दंड मोठा. सहा टक्क्यांचा दर धरला असता तर हीच रक्कम जीएसटी धरूनही पाच रुपयांच्या आत आली असती. तूट कितीही असो, सरसकट 100 रुपये घेणे हे प्रमाण नव्हे.

परतावा मागताना बहुतेक लोक काउंटरवर जाऊन भांडतात किंवा हेल्पलाइनला फोन करून विनवणी करतात. फोनवरचा माणूस कधीकधी ‘एक वेळची सवलत’ म्हणून पैसे परतही देतो. पण सवलत मागितली की पुढच्या महिन्याला ‘मागेच दिली होती’ असे उत्तर तयार असते. म्हणून मागणी नियमाच्या आधारे आणि लेखी करावी. त्याआधी खात्यात थोडी जास्त रक्कम भरून तूट मोडावी, नाहीतर पत्रव्यवहार चालू असताना आणखी एक दंड येऊन बसतो. ताईंनी आधी हजार रुपये भरले आणि मग शाखेत पत्र दिले. त्याचा मजकूर साधारण असा होता:

‘माझ्या बचत खात्यातून 5 जुलै, 5 ऑगस्ट आणि 5 सप्टेंबर या तारखांना किमान शिलकीपोटी प्रत्येकी 118 रुपये वजा झाले आहेत. प्रत्येक वजावटीआधी तुटीची नोटीस कोणत्या तारखेला व कशी पाठवली, त्या महिन्याची सरासरी शिल्लक किती आली आणि दंडाचा दर कोणत्या शुल्कपत्रकानुसार लावला, हे लेखी कळवावे. नोटिशीनंतर एक महिना दिलेला नसल्यास, किंवा दंड तुटीच्या प्रमाणात नसल्यास, एकूण 354 रुपये जीएसटीसह खात्यात परत जमा करावेत.’

यात राग नाही की विनंतीही नाही, फक्त उत्तर द्यावेच लागेल असे प्रश्न आहेत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. ॲपवरून किंवा ईमेलने तक्रार केली तर तक्रार क्रमांक जपून ठेवावा. शाखेने पहिले 118 रुपये लगेच परत केले आणि उरलेल्या दोन दंडांवर ‘नियमानुसार’ एवढेच उत्तर दिले. मग तेच पत्र, प्रमाणाच्या मुद्द्यावर भर देऊन, बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे गेले. त्याचे नाव आणि ईमेल प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर असते. तिथून बाकीचे 236 रुपयेही आले. परतावा आला की 100 आले की 118, हे नक्की पाहावे. मूळ रक्कम परत येते आणि जीएसटी तिकडेच राहतो, असे होऊ शकते.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. येथे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. ‘दंड फार जास्त आहे’ असे लिहिलेली तक्रार टिकत नाही, कारण शुल्क किती ठेवायचे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. ‘नोटीस 2 जुलैची आणि वसुली 5 जुलैची’ असे तारखांसह लिहिलेली तक्रार टिकते.

कार्डाच्या फीचे 236 रुपये मात्र परत आले नाहीत. ताईंनी वर्षभर कार्ड ठेवले होते, अधूनमधून वापरलेही होते, त्यामुळे बँकेची बाजू तिथे चुकीची नव्हती. ही फी परत मिळण्याला खरा आधार असतो तो कार्ड कधी हाती पडलेच नसेल, बंद करण्याचा अर्ज आधीच दिलेला असेल, किंवा फी वाढवल्याचे आधी कळवलेले नसेल तर. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार डेबिट कार्ड घेण्याची सक्ती बँक करू शकत नाही. म्हणून कार्ड नको असेल तर पुढची फी लागण्याआधी लेखी अर्ज देऊन ते बंद करावे. ताईंनी तसेच केले.

एसएमएसच्या 17 रुपये 70 पैशांबद्दल माझे बँकेशी अजून पटलेले नाही. नोव्हेंबर 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने हे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घेण्यास सांगितले आहे. ज्या खात्यावर तिमाहीत मोजकेच संदेश आले, त्यालाही सरसकट 15 रुपये लावणे या सूचनेशी जुळत नाही. त्या तिमाहीतल्या संदेशांची संख्या लेखी मागावी. पण पैसे वाचवण्यासाठी संदेशच बंद करून टाकू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले आणि चूक ना बँकेची ना खातेदाराची असेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला नुकसान सोसावे लागत नाही. ती सूचना बहुतेकांना एसएमएसनेच मिळते.

ज्यांना शिलकीची अट पाळणे जमणारच नाही, त्यांनी लेखी अर्ज देऊन खाते ‘मूलभूत बचत ठेव खाते’ या प्रकारात बदलून मागावे. त्यात किमान शिलकीची अट नसते आणि डेबिट कार्डाची वार्षिक फीही नसते. पैसे मोफत काढण्याच्या वेळांवर मर्यादा येऊ शकते आणि त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, एवढे मान्य करावे लागते. शाखेत या खात्याचा उल्लेख आपणहून कोणी करत नाही. नाव घेऊन मागावे लागते.

बँकांकडे माझी मागणी एवढीच आहे. पासबुकात दंडाच्या नोंदीसमोर आज काही इंग्रजी अक्षरे आणि एक रक्कम छापली जाते. त्याच ओळीत नोटिशीची तारीख, त्या महिन्याची सरासरी आणि तुटीची रक्कम छापा. हे तिन्ही आकडे दंड लावणाऱ्या संगणकाकडे असतातच. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी बँकांच्या विभागीय कार्यालयांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी