शनिवारच्या प्रेझेंटेशनला जाण्याआधी

सावदा

चि. नीलेश,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सांगितलेली ती हॉलिडे क्लबची स्कीम मी रात्री वहीत मांडून बघितली. चार लाख भरायचे, २५ वर्षं, दरवर्षी सात रात्री आणि वरून वर्षाला पंधरा हजार मेंटेनन्स. रिसॉर्टवरच्या त्या मुलाने तुला हिशोब करून दाखवला की चार लाख भागिले १७५ रात्री, म्हणजे रात्रीला तेवीसशेसुद्धा पडत नाहीत. भागाकार बरोबर आहे त्याचा. पण मेंटेनन्स त्यात धरलाच नाही. पंधरा हजारांवर १८ टक्के जीएसटी लागला की ते १७,७०० होतात, आणि तुम्ही त्या वर्षी फिरायला गेलात काय न गेलात काय, ते भरावेच लागतात. शिवाय तेच चार लाख सात टक्क्यांनी ठेवीत टाकले तर वर्षाला २८,००० व्याज येतं. ते तू सोडणार. दोन्ही मिळून ४५,७००. सातने भाग, रात्र साडेसहा हजारांची झाली. जेवण वेगळं, जाण्यायेण्याचं वेगळं. २५ वर्षांनी ठेवीतले चार लाख जागेवर असतील, मेंबरशिप मात्र संपलेली असेल. ईएमआयवर घेतलीस तर कर्जाचं व्याज वेगळं.

आणि मेंटेनन्स पंधरा हजारांवर थांबेल असं कोणी लिहून दिलंय? करारात दरवाढीला काही मर्यादा आहे का, ते आधी शोध.

दुसरं म्हणजे सीझन. तुला जी स्वस्तातली मेंबरशिप सांगतात, ती बहुतेक गर्दी नसलेल्या दिवसांची असते. आर्याची शाळा मे महिन्यात आणि दिवाळीतच सुटणार, नि नेमके तेच दिवस महागड्या गटात. महागडा गट घेतला तरी ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द असतोच. म्हणून तिथे बसल्यावर एकच सांग: “तुमच्याच मोबाइलवर दिवाळीच्या आठवड्यातली गोव्याची रूम आत्ता काढून दाखवा.” दाखवली तर पुढे बोल. “मेंबर झाल्यावर दिसेल” असं म्हणाला तर समजून जा.

“न वापरलेल्या रात्री विकता येतात, नाहीतर भाड्याने देता येतात,” असंही तो सांगेल. ते करारात कुठल्या कलमात आहे, विचार. अशा करारात सहसा एक ओळ असते, की तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. ती ओळ असेल तर त्याच्या बोलण्याला काही किंमत नाही. कोरा करार घरी वाचायला माग. देत नसतील तर उठायला तेवढं कारण पुरे.

“आजच घेतलं तर सव्वा लाख कमी” यावर मला खरंच हसू आलं. आपल्याकडे केळीचा भाव आजचा आजच असतो, कारण घड थांबत नाही, पिकतो. रिसॉर्टची रूम काय पिकते का रे? आज परवडणारा भाव त्यांना सोमवारीही परवडतो. तू नाही म्हटलंस की मोठा साहेब येऊन अजून पन्नास हजार उतरवेल, तेव्हा तूच बघ मूळ किंमत किती खरी होती.

आता नाही कसं म्हणायचं. तुझा स्वभाव भिडस्त, म्हणून लिहितो. कारण सांगू नकोस. “पैसे नाहीत” म्हटलं की ईएमआय काढतात. “घरी विचारतो” म्हणायची तर सोयच नाही, नवराबायकोला जोडीने बोलावतात ते त्यासाठीच. म्हणून सुनबाईशी आधी ठरवून जा, दोघांचं उत्तर एकच पाहिजे. “तुम्ही छान समजावून सांगितलंत, आभारी आहोत, पण आम्ही घेणार नाही.” तो का विचारेल. हेच वाक्य पुन्हा म्हण नि उभा राहा. त्या पोराला टार्गेट असतं, त्याच्यावर चिडू नकोस, पण खुर्चीत परत बसूही नकोस. कार्ड, पॅन, आधार काही हातात द्यायचं नाही, ‘फक्त नोंदणीसाठी’ म्हटलं तरी. फुकटचं व्हाउचर दिलं तर खालची बारीक अक्षरं वाच: बहुतेकदा प्रवास आपला, कर आपला, तारखा त्यांच्या.

आणि समजा टोकन दिलंच, तर घरी येऊन गप्प बसू नकोस. आपल्याकडे अशा स्कीमचा, म्हणजे टाइमशेअरचा, वेगळा कायदा नाही, त्यामुळे पैसे परत मिळायची मुदत करारात लिहिली असेल तेवढीच. त्याच दिवशी रद्द करत असल्याचा ईमेल टाक, नुसता फोन नको. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या कायद्याने तू राहतोस तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

आई म्हणते, फिरायचंच असेल तर मे महिन्यात तोरणमाळला जाऊ सगळे. रूमचं मी बघतो.

तुझा,
आप्पा