नुसता वेग वेगळा ठेवून खोली येत नाही

महोदय,

कालच्या पुरवणीतला पॅरलॅक्स स्क्रोलिंगवरचा लेख वाचला. ‘मागचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकवले की खोली आपोआप दिसते’ हे त्यातलं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. लेखकांनी 1982 च्या ‘मून पेट्रोल’ या व्हिडिओ गेमची आठवण काढली, त्याचा आनंदच आहे. लांबचे डोंगर सावकाश, अलीकडच्या टेकड्या त्याहून भरभर आणि गाडीखालची जमीन सगळ्यांत वेगात, हे त्यात सुरेख दिसतं. पण ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही.

आपला डोळा वेगाचं गुणोत्तर पाहतो. खेळाडू पळतो ती जमीन एका फ्रेमला 4 पिक्सेल सरकली आणि मागची टेकडी 1 पिक्सेल, तर टेकडी चौपट लांब आहे असं डोळा धरून चालतो. आता त्या टेकडीवर एक घर काढा आणि त्याचं दार खेळाडूच्याच उंचीचं ठेवा. चौपट लांब असूनही दार तेवढंच दिसतंय, म्हणजे ते खरं चौपट उंच असणार! बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण ते घर त्याला खटकतं. म्हणजे वेग ठरवला की त्या थरावरच्या चित्रांचं मापही ठरलं. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी मी एक छोटा गेम लिहिला. टेकडीचा वेग जमिनीच्या पाव ठेवला होता. मित्राला खेळायला दिला, तर पाचच मिनिटांत तो म्हणाला, “अरे, तुझा डोंगर चालतोय!” मी वाद घातला. मग त्याने करून दाखवलं. एका दारापासून तो हळू चालत उजवीकडे गेला, तिथून पळत परत त्याच दाराशी आला, आणि दारामागे असलेलं टेकडीचं टोक भलतीकडेच होतं.

चूक अशी होती. दर फ्रेमला कॅमेरा, म्हणजे खेळाडूबरोबर सरकणारी पडद्याची चौकट, जितका हलेल त्याचा पाव भाग काढून, तो पूर्णांकात आणून मी टेकडीच्या जागेत मिळवत होतो. हळू चालताना कॅमेरा फ्रेमला 1 पिक्सेल हले. त्याचा पाव 0.25, पूर्णांकात शून्य. त्यामुळे 300 पिक्सेल चाललं तरी टेकडी जागची हलली नाही. परत पळताना कॅमेऱ्याचा वेग 3 पिक्सेल. त्याचा पाव 0.75, पूर्णांकात 1. म्हणजे तेच 300 पिक्सेल 100 फ्रेममध्ये संपले आणि टेकडी 100 पिक्सेल सरकली. जाताना शून्य, येताना 100! खरं तर दोन्ही वेळा ती 75 सरकायला हवी होती. हे शोधायला मला तीन रात्री लागल्या, कारण मी चित्रांतच चूक शोधत बसलो होतो.

उपाय साधा आहे. टेकडीच्या जागेत थोडं थोडं मिळवत जायचंच नाही. प्रत्येक फ्रेमला कॅमेऱ्याची एकूण जागा घ्यायची, तिला चारने भागायचं आणि अगदी शेवटी, चित्र काढताना, पूर्णांक करायचा. मग कॅमेरा कुठूनही, कसाही फिरून आला तरी त्या दाराशी टेकडी त्याच जागी सापडते. एक उणीव तरीही राहते. हळू चालताना टेकडी दर चौथ्या फ्रेमलाच 1 पिक्सेल उडी मारते, आणि मोठे पिक्सेल असलेल्या गेममध्ये ती उडी नजरेला दिसते. लेखकांनी हा विषय हातात घेतलाच होता, तर थरांची संख्या मोजत बसण्यापेक्षा याला चार ओळी द्यायच्या होत्या. तीन थर नीट बांधलेले असतील तर ते दहा बेजबाबदार थरांपेक्षा खोल दिसतात.

आणि ते छायाचित्र! एका गेमचं एकच स्थिर दृश्य छापून खाली ‘पॅरलॅक्समुळे निर्माण झालेली खोली’ असं लिहिलं आहे. कॅमेरा थांबला की पॅरलॅक्स संपला. त्या चित्रात खोली वाटत असेल तर ती फिकट होत गेलेल्या रंगांची आणि एकमेकांआड लपलेल्या आकारांची करामत आहे. चित्रकाराचं श्रेय तुम्ही स्क्रोलिंगला देऊन टाकलंत, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर शेजारी शेजारी दोन दृश्यं छापा, मधे कॅमेरा 80 पिक्सेल पुढे गेलेला. वाचक पट्टी लावून बघतील: दार 80 पिक्सेल मागे गेलंय आणि टेकडी 20.

आपला,
एक नियमित वाचक